नुसता फोटो आलाय: फिटिंग विचारताहेत, मॅचिंग की प्रसंग?

ब्लाउज शिवायला किंवा घरातून छोटं बुटीक चालवायला सुरुवात केली की पहिल्याच लग्नसराईत असे फोटो यायला लागतात. आरशासमोर उभी असलेली गिऱ्हाईक, अंगात ब्लाउज, साडी कधी नीट नेसलेली तर कधी नुसती खांद्यावर टाकलेली, आणि फोटोखाली एक अक्षरही नाही. पाठवणारीच्या मनात प्रश्न अगदी स्पष्ट असतो. फोटो बघितला की तो तुम्हालाही दिसेल, असं ती धरून चालते.

नवीन माणूस अशा वेळी एकतर "छान दिसतंय ताई" म्हणून मोकळा होतो, नाहीतर फिटिंग, रंग, दागिने, केस अशा सगळ्यावर बोलत सुटतो. पहिल्या उत्तराने तिची शंका तशीच राहते आणि ती तोच फोटो बहिणीला, जावेला, शेजारणीला पाठवते. दुसऱ्या उत्तराने तिच्या मनात नव्हत्या अशा शंका तयार होतात. ती बाही किती लांब ते विचारत असते आणि तुम्ही रंगावर बोललात की तिला साडीच नकोशी होते.

जवळजवळ प्रत्येक वेळी प्रश्न तीनपैकी एक असतो: अंगाला बरोबर बसलंय का, रंग जुळतोय का, की त्या कार्यक्रमाला हे चालेल का. हे तीन वेगळे ओळखायचे, कारण त्यांची कामं वेगवेगळ्या ठिकाणी होतात. फिटिंगचं काम शिलाई मशीनवर होतं, मॅचिंगचं बाजारात आणि प्रसंगाचं तिच्या कपाटात. प्रश्न चुकीचा ओळखला की गिऱ्हाईक नको त्या ठिकाणी धावते, आणि लग्नाला चार दिवस राहिलेले असताना तेवढा वेळ कुणाकडेच नसतो.

पहिली पायरी: आता काय बदलता येईल ते बघा

फोटो उघडल्यावर बाईकडे बघू नका, कपडा कोणत्या टप्प्यावर आहे ते बघा. माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाची खूण हीच. माणूस सहसा अजून बदलता येईल अशाच गोष्टीबद्दल विचारतो.

कापड अजून कापलेलं नाही, साडीवर ब्लाउजपीस ठेवलाय किंवा साडी खांद्यावर टाकून हातात कापडाचा तुकडा धरलाय, तर प्रश्न रंगाचा आहे. फिटिंगचा असूच शकत नाही, कारण शिवलेलंच काही नाही.

ब्लाउज शिवून झालाय, साडी नेसलेली नाही किंवा पदर बाजूला सारलाय, खाली घरातला परकर किंवा लेगिंग आहे, केस वर बांधलेत, तर बहुतेक वेळा प्रश्न फिटिंगचा. तिने घरी नेल्या नेल्या घालून बघितलंय. काही खुपत असेल तर अजून उसवता येईल, हे तिला माहीत आहे.

साडी पिना लावून नीट नेसलेली, गळ्यात काहीतरी, केस सोडलेले किंवा अंबाडा, पायात चप्पल, चेहरा पूर्ण फोटोत, आणि तारीख कार्यक्रमाच्या अगदी जवळची, तर ती प्रसंगाबद्दल विचारते आहे. शिवण आता बदलणार नाही हे तिलाही ठाऊक असतं. बदलता येईल तर आख्खी साडी, किंवा दागिना.

नियम अर्थातच शंभर टक्के लागू होत नाही. नटूनथटून फोटो पाठवणारीला काखेत काचतही असू शकतं. म्हणून दुसरी पायरी.

दुसरी पायरी: हात कुठे आहे आणि काय कापलं गेलंय

पाठवणारी नकळत प्रश्नाकडे बोट दाखवत असते. फिटिंगची शंका असली की शरीर वळतं: अर्धवट पाठमोरी उभी राहते, कुशीची बाजू समोर आणते, हात वर करून काखेतली ओढ दाखवते, किंवा मोकळ्या हाताने कापडाची चिमूट धरते. चिमूट धरलेली असेल तर आणखी काही शोधायची गरजच नाही, तिथे सैल आहे. अशा फोटोत चेहरा बऱ्याचदा नसतो, फोटो हनुवटीखाली कापलेला असतो.

रंगाची शंका असली की दोन गोष्टी एकमेकींना चिकटवलेल्या दिसतात. बाही पदरावर टेकवलेली, काठ ब्लाउजजवळ ओढून घेतलेला, फोन इतका जवळ नेलेला की माणूस जवळजवळ दिसतच नाही. एकच गोष्ट दिव्याखाली आणि खिडकीत, असे दोन फोटो पाठोपाठ आले तर शंका घेऊच नका, रंगच.

प्रसंगाची शंका असली की सगळं बसेल एवढं दूर जाऊन फोटो काढलेला असतो, पावलांपासून डोक्यापर्यंत. मागे पलंगावर दुसरी साडी पडलेली दिसली तर ती चुकून राहिलेली नाही. निवड चालू आहे.

इथे एक फसवी जागा आहे, ती नीट समजून घ्या. बाही फोटोच्या मधोमध आली तर ती लांबीबद्दलही विचारत असेल आणि रंगाबद्दलही. हात सरळ खाली सोडलेला असेल तर लांबी. बाही कोपराच्या वर थांबतेय की खाली, हे दाखवायला हात सरळच लागतो. कोपर वाकवून दंड पदराजवळ आणलेला असेल तर रंग.

शेवटी मागचं बोलणं वर सरकवून वाचा. मापं देताना "मागच्या वेळी मुंढा काचत होता" असं ती म्हणाली असेल, तर आजच्या फोटोतही तीच काळजी आहे असं धरायला हरकत नाही. हाच फोटो तिने इतरांनाही पाठवलाय असं कळलं, तर तिला सल्ला नको असेल, नुसतं दाखवायचं असेल. तेव्हा मनापासून "छान दिसताय" म्हणायचं आणि थांबायचं.

तिसरी पायरी: अंदाज सांगा, एकच प्रश्न विचारा

"काय विचारायचंय तुम्हाला?" असं लिहू नका. तिला वाटेल फोटो वाया गेला. "फिटिंग, रंग आणि कार्यक्रम यांपैकी काय?" हेही परीक्षेतल्या प्रश्नासारखं वाटतं. तुमचा अंदाज वाक्यातच घाला आणि तो खोडायची मोकळी जागा ठेवा:

"काकू, डाव्या मुंढ्याशी थोडी ओढ दिसतेय, त्याबद्दलच पाठवलाय ना?"

"ताई, बाहीचा रंग पदराशी जुळतोय का ते बघायचंय का?"

"मावशी, ही मुंजीला नेसायचा विचार आहे का? सकाळी की संध्याकाळी आहे कार्यक्रम?"

अशा प्रश्नाने तीन गोष्टी होतात. तुम्ही फोटो नीट बघितलाय हे तिला कळतं. अंदाज बरोबर असेल तर ती "हो" एवढंच लिहून मोकळी होते. चुकला असेल तर खरा प्रश्न लगेच बाहेर येतो: "नाही गं, ते ठीक आहे, पण गळा जास्त मोठा वाटतोय का?" चुकलेला अंदाजही कामी येतो, फक्त तो निकालासारखा सांगायचा नाही. "मुंढा घट्ट झालाय" आणि "मुंढ्याशी ओढ दिसतेय का" यांत फार फरक आहे. पहिल्या वाक्याने तिला आपलं अंग वाढलंय असं वाटू शकतं. बोलणं नेहमी कापडाबद्दल ठेवा. "ब्लाउज इथे कमी पडतोय" म्हणा. "तुमचा दंड जाड दिसतोय" असं चुकूनही नको.

फिटिंग असेल तर

फोटोत पहिल्यांदा घड्यांची दिशा बघा. ताणलेल्या, बारीक, आडव्या रेषा म्हणजे त्या जागी कापड कमी पडतंय. हुकांच्या पट्टीवर अशा रेषा दिसल्या आणि दोन हुकांच्या मध्ये फट पडली असेल, तर छातीचा घेर सोडावा लागेल. मऊ, उभ्या, लोंबणाऱ्या घड्या म्हणजे कापड जास्त आहे. तिरप्या रेषा ज्या टोकाकडे गोळा होतात, तिथे बिघाड आहे. बहुतेक वेळा मुंढ्याकडे किंवा टक्सच्या टोकाकडे.

हात वर केला की आख्खा ब्लाउज वर चढतो, ही तक्रार फार येते, आणि नवीन शिवणारे तिथे मुंढा आणखी खोल कापतात. उलटं होतं. मुंढा आधीच खोल असल्यामुळे बाही कुशीपाशी खालून ओढली जाते आणि हाताबरोबर सगळा ब्लाउज उचलला जातो. मुंढा काखेच्या जवळ असला की हात मोकळा हलतो. शिवून झालेल्या ब्लाउजमध्ये कापलेलं कापड परत आणता येत नाही. तिथे फार तर काखेत तिरक्या कापडाचा छोटा तुकडा घालून सुटसुटीत करता येतं. म्हणून हात वर केलेला फोटो आला तर कात्री उचलण्याआधी गिऱ्हाइकाला बोलावून प्रत्यक्ष बघाच.

आता फोटो फसवतो कुठे ते. एक, आरशातल्या फोटोत एक हात फोन धरायला वर उचललेला असतो, त्यामुळे त्या बाजूच्या मुंढ्याला घड्या पडणारच. त्या बाजूवरून निकाल काढू नका. दोन, सेल्फीत जवळचा भाग मोठा दिसतो. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत खांदे आणि छाती खऱ्यापेक्षा रुंद वाटतात, आणि ब्लाउज घट्ट नसतानाही घट्ट भासतो. तीन, डावं-उजवं. आरशातल्या फोटोत बाजू उलट्या होतात. साडीत हे ओळखणं सोपं आहे: आपण पदर डाव्या खांद्यावर घेतो, म्हणून समोरून दुसऱ्याने काढलेल्या फोटोत पदर चित्राच्या उजव्या बाजूला दिसतो. तो डाव्या बाजूला दिसला तर फोटो आरशातला. गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावर पदर घेतला असेल तर हा हिशेब उलटा. तुम्हाला डावा मुंढा सोडायचा असेल आणि तुम्ही उजवा उसवून बसलात, असं व्हायला नको, म्हणून बाजू तिला शब्दात विचारून घ्या: "पदराच्या बाजूचा की मोकळ्या बाजूचा?"

फोटोवरून नक्की सांगता येत नसेल तर दुसरा फोटो मागवा, पण कसा ते स्पष्ट सांगा. घरातल्या कुणाकडून तरी काढून घ्या, फोन छातीच्या उंचीवर, माणूस साधारण सात-आठ फुटांवर, दोन्ही हात खाली सोडलेले, पदर बाजूला. एक समोरून, एक मागून. एवढे दोन फोटो पुरतात. आणि आत तोच अंतर्वस्त्राचा प्रकार घातलाय ना, जो कार्यक्रमाला घालणार आहात, हे विचारायला लाजू नका. निम्म्या वेळा टक्सची जागा चुकल्यासारखी दिसते ती त्यामुळेच.

आश्वासन देण्याआधी आत कापड किती आहे ते आठवा. कुशीच्या दोन्ही शिवणींत पुढच्या आणि मागच्या भागात प्रत्येकी पाऊण इंच सोडायला मिळालं, तर चार कडांचं मिळून घेर तीन इंचांनी वाढतो. त्यापुढे जोड लावावी लागते. रेशमात उसवल्यावर जुन्या टाक्यांची भोकं दिसतात, तेव्हा "थोडंसं सोडून बघू" असं दोन-तीनदा करू नका. मोठा कापलेला गळा लहान होत नाही. खांद्यावरून घसरत असेल तर मागे दोरी लावणं हा त्यावर चांगला इलाज आहे.

रंग असेल तर: एक फोटो सुरुवातीपासून शेवटपर्यंत

रंगाच्या बाबतीत फोटोवर सगळ्यात कमी विश्वास ठेवावा लागतो. म्हणून इथे एक उदाहरण सगळ्या तपशिलांसह सांगते.

एका काकूंनी आईची जुनी पैठणी काढली होती, वांगी रंगाची, हिरव्या काठाची. जुन्या साडीला ब्लाउजपीस नव्हता, म्हणून मॅचिंग सेंटरमधून त्यांनी रेशमी कापड आणलं आणि माझ्याकडून ब्लाउज शिवून घेतला. गुरुवारी संध्याकाळी ब्लाउज नेला आणि रात्री फोटो आला. मुलाच्या लग्नाचं रिसेप्शन रविवारी होतं.

फोटोत त्या कंबरेपासून वर दिसत होत्या. साडी नेसलेली नव्हती, पदर नुसता खांद्यावर घेतला होता. केस विस्कटलेले, दागिना नाही. पहिल्या पायरीप्रमाणे बघितलं तर ब्लाउज शिवून झालाय, साडी नेसलेली नाही, म्हणजे फिटिंग. पण त्या वळल्या नव्हत्या. कोपर वाकवून दंड पदराला लावला होता आणि बाहीची कड पदरावरच आली होती. शिवाय ब्लाउज घेऊन जाताना त्यांनी माझ्यासमोर घालून बघितला होता आणि अंगाला बरोबर बसला होता. म्हणून मी लिहिलं, "काकू, बाहीचा रंग पदरापेक्षा वेगळा वाटतोय का?" उत्तर आलं, "हो ना, निळसर दिसतोय. दुकानात तर अगदी सेम होता."

इथे घाईने "नाही हो, जुळतोय" म्हणायचं नाही आणि "हो, निळाच आहे" असंही नाही. फोटोत खरंच ब्लाउज निळसर होता. पण फोनचा कॅमेरा दिव्याप्रमाणे रंग स्वतःच बदलून घेतो, आणि जांभळ्या घराण्यातले रंग, म्हणजे वांगी, जांभळा, अंजिरी, त्यात हमखास निळ्याकडे सरकतात. दुसरं कारण कापडात असतं. जुनी साडी एका रंगद्रव्याने रंगवलेली आणि नवं कापड दुसऱ्याने. असे दोन रंग एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फुटतात. दुकानदार ब्लाउजपीस दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात दाखवतात, ते म्हणूनच. पण दिवसाच्या उजेडात जुळलेला रंग रात्री जुळेलच असं नाही. त्यात धूपछाव पैठणी असेल तर आणखी एक गोष्ट येते. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे साडी वळली की रंग बदलतो, आणि एकरंगी ब्लाउज कुठल्या तरी एकाच कोनातून जुळतो.

म्हणून काकूंना दोन फोटो मागितले. पहिला दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीजवळ, पण थेट ऊन पडत नाही अशा जागी, फ्लॅश बंद, फिल्टर बंद, आणि बाजूला एक पांढरा कागद ठेवून. कागद फोटोत पांढरा दिसला तर बाकीचे रंगही बऱ्यापैकी खरे. कागद पिवळा किंवा निळा दिसला तर सगळाच फोटो त्या बाजूला झुकलाय, त्यावरून निकाल नको. दुसरा फोटो त्याच गुरुवारच्या रात्री, पण पिवळ्या दिव्याखाली. बल्बच्या खोक्यावर वॉर्म व्हाइट लिहिलेलं असतं तो दिवा. आधी आलेला मूळ फोटो त्यांनी काढला होता तो पांढऱ्या ट्यूबलाइटखाली.

सकाळच्या फोटोत रंग जुळत होता. पिवळ्या दिव्याखाली साडी तांबूस झाली आणि ब्लाउज तसा झाला नाही. फरक तेव्हाही थोडा दिसत होता. मग प्रश्न उरला: रिसेप्शन कुठल्या उजेडात? संध्याकाळी सातला, हॉलमध्ये, आणि हॉलचे दिवे पिवळे. हीच साडी सकाळच्या मुहूर्ताला नेसायची असती तर मी म्हणाले असते, काहीही करू नका.

शुक्रवार दुपार झाली होती. नवं कापड आणून पुन्हा शिवण्यापेक्षा मी वेगळा मार्ग सुचवला. दोन जवळचे रंग एकमेकांना टेकलेले असतात तेव्हाच डोळा त्यांच्यातला फरक पकडतो, मध्ये तिसरा काही आला की तो फरक सोडून देतो. बाहीच्या कडेला आणि गळ्याला पाऊण इंचाची जरीची लेस लावली. ती साडीच्या जरीसारखीच निवडायची, फार चकचकीत नाही, कारण जुन्या पैठणीची जर मऊ, थोडी मावळलेली असते आणि नवी लेस तिच्याशेजारी डोळ्यात खुपते. अर्ध्या दिवसाचं काम झालं आणि काकूंनी तोच ब्लाउज घातला.

शिवण्याआधीच असा प्रश्न आला असता तर मी लेसवर थांबले नसते. नव्याने शिवणाऱ्यांना मी आग्रहाने सांगते: जुन्या साडीला तंतोतंत मॅचिंग शोधू नका, काठाचा रंग घ्या किंवा सरळ विरुद्ध रंग घ्या. वांगी साडीवर हिरवा ब्लाउज मुद्दाम घेतलेला दिसतो. वांगीवर जवळजवळ वांगी मात्र चुकल्यासारखा दिसतो.

प्रसंग असेल तर

इथे फोटोत उत्तर नसतंच. तीन गोष्टी विचारल्याशिवाय बोलू नका: कार्यक्रम कोणता आणि किती वाजता, तुम्ही तिथे यजमान की पाहुण्या, आणि तिथे काय काय करावं लागणार आहे.

तिसरा प्रश्न सगळे विसरतात. मुंजीत मुलाची आई तासन्‌तास पाटावर बसते, मातृभोजनाला मुलाला शेजारी घेऊन जेवते. तिला कडक, जड जरीची साडी छान दिसेलही, पण बसताना निऱ्या फुगतात आणि उठताना पदर ओढला जातो. मऊ रेशीम, पदर पिनांनी पक्का. केळवणाला वाढायला उठणाऱ्या जावेला लांब बाही आणि मोठी लेस वरणात बुडवायची नसते. हळदीला ज्या रंगावर डाग पडला तरी चालेल असाच कपडा, म्हणून पिवळा सोयीचाही आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व लग्नात कळतं. नवऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या आईने भरजरी शालू नेसला तर तो तिचा मान. तोच शालू शेजारच्या पाहुणीने नेसला तर चारजणी बघतात. आणि नवरीची साडी कोणत्या रंगाची आहे हे जवळच्या नात्यात विचारून घ्यायला सांगा. सारखाच रंग आला तर फोटोंमध्ये दोघीही अवघडतात.

रंगाचे संकेत घरोघरी वेगळे असले तरी काही बहुतेक मराठी घरांत सारखे आहेत. काळी साडी संक्रांतीला हौसेने नेसतात, नव्या सुनेला तर हलव्याच्या दागिन्यांसोबत मुद्दाम काळीच घेतात. तीच साडी साखरपुड्याला किंवा पूजेला नेसली तर घरातली मोठी माणसं आडून बोलतील. डोहाळजेवणाला हिरवी, पण ती जिचं डोहाळजेवण आहे तिला. सांत्वनाला जाताना पांढरी किंवा फिकी, जरीशिवाय. एखादीने फोटो पाठवला आणि तुम्हाला कार्यक्रम माहीतच नसेल, तर या संकेतांवरून अंदाज बांधू नका. काळ्या साडीचा फोटो जानेवारीत आला तर संक्रांत असेल, पण ऑफिसची पार्टीही असू शकते, आणि तिथे काळं उत्तमच.

बहुतेक वेळा खरी काळजी वेगळीच असते आणि ती शब्दात येत नाही: "माझ्या वयाला हे शोभेल का?" मोठा गळा, बिनबाह्यांचा ब्लाउज किंवा राणी रंग असला, पाठवणारी पन्नाशीच्या पुढची असली आणि तिने पूर्ण उंचीचा, चेहऱ्यासकट फोटो पाठवला असला की मी असंच समजते. मग वयाचा उल्लेख आपण करायचा नाही. "राणी रंग तुम्हाला खुलतोय. बाही कोपरापर्यंत ठेवली तर पूजेत हात वर करतानाही निश्चिंत राहाल," अशा उत्तरात तिला रंगाची परवानगी मिळते आणि अवघडलेपणाचा उपायही. न आवडलेलं असेल तर खोटं कौतुक नको. पण पर्याय हातात असल्याशिवाय नकारही नको. पलंगावरची दुसरी साडी दिसत असेल तर तिचाच फोटो मागवा.

परदेशातल्या गिऱ्हाइकांबद्दल

अमेरिकेत किंवा दुबईत पार्सलने ब्लाउज पाठवलात तर तिथून येणारा मुका फोटो वेगळ्या पद्धतीने वाचा. तिथे जवळ ब्लाउज उसवून देणारं कुणी असेलच असं नाही, म्हणून तिच्यासाठी "अजून काय बदलता येईल" ही यादीच छोटी आहे: हूक सरकवणं, हाताने टाके घालणं, आतली एक शिवण उसवणं. यासाठी ब्लाउज पाठवतानाच कुशीत दोन शिवणी घालून द्या, अंगालगतची आतली सहज उसवता येईल अशी आणि कडेकडची बाहेरची पक्की. घट्ट वाटलं तर तिने आतली तेवढी काढायची. कोणता धागा ओढायचा ते फोटोवर खूण करून दाखवता येतं.

उत्तर आलं नाही तर

तुमचा प्रश्न तिने वाचला आणि काही लिहिलं नाही, तर कार्यक्रमाची तारीख बघा. आठवडा असेल तर दुसऱ्या दिवशी एकदा विचारा. दोन दिवस उरले असतील तर लिहीत बसू नका, सरळ फोन करा. लिहायला संकोच करणारी बाई फोनवर पहिल्या मिनिटात सांगते की पाठीवरची दोरी सैल आहे. ती बोलत असताना वहीत तिच्या मापांशेजारी टिपून ठेवा, बाजूसकट, म्हणजे पुढच्या ब्लाउजला तोच प्रश्न पुन्हा येणार नाही. काम झालं की फोटो फोनमधून काढून टाका, आणि तिला विचारल्याशिवाय तो नमुना म्हणून दुसऱ्या कुणालाही दाखवू नका.